एचएलए बी-२७ पॉझिटिव्ह आला, म्हणजे नेमकं काय?

नागपुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रिपोर्टवर सह्या करते. काउंटरवरून ज्या रिपोर्टसाठी मला हमखास बाहेर बोलावलं जातं, तो एचएलए बी-२७ या जनुकाच्या टेस्टचा. त्यावर एकच ओळ असते, पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह. पॉझिटिव्ह असला की सोबत आलेली आई किंवा बायको विचारते, "मॅडम, पॉझिटिव्ह आला न, मंग आता याचा मणका जाम होते का?" घरी पोचेपर्यंत मोबाइलवर पाठीला पोक आलेल्या माणसांचे फोटो पाहून झालेले असतात आणि त्या रात्री कोणी जेवत नाही. काउंटरवर उभ्याउभ्या दोन मिनिटांत जे सांगता येत नाही, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, थोडक्यात एएस, हा मणक्याचा आणि कमरेच्या सांध्यांचा दाह आहे. सुरुवात बहुधा माकडहाडाच्या वर, दोन्ही बाजूंच्या सॅक्रोइलियक सांध्यांत होते. डॉक्टर मंडळी त्यांना एसआय जॉइंट म्हणतात. स्नायूबंध आणि कंडरा हाडाला जिथे चिकटतात तिथे सूज येते. वर्षानुवर्षं ती राहिली तर तिथे नवं हाड तयार होतं आणि मणके एकमेकांना जोडले जाऊ शकतात. हा आजार असलेल्या शंभरांपैकी सुमारे नव्वद जणांमध्ये बी-२७ सापडतो. आता हेच उलट्या बाजूने पाहा. बी-२७ असलेल्या शंभर जणांपैकी आयुष्यात एएस होतो तो जेमतेम पाच जणांना, काही अभ्यासांत त्याहूनही कमी. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत, आणि लोकांची बहुतेक भीती पहिलं वाक्य वाचून दुसरं न वाचल्यामुळे येते.

विदर्भातल्या माणसाला जनुकीय आजार म्हटला की सिकलसेल आठवतो. त्याची तपासणी शिबिरं आपल्याकडे गावोगावी झाली आहेत, त्यामुळे ‘वाहक’ आणि ‘रुग्ण’ यांतला फरक अनेक घरांत ठाऊक आहे. पण सिकलसेलचा हिशोब बी-२७ ला लावला की गोंधळ होतो. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या जनुकातलं एक अक्षर बदललेलं असतं. बदललेली प्रत आई आणि बाप दोघांकडून आली की आजार होणारच. बी-२७ ची एकच प्रत पुरते, ती असूनही बहुतेकांना काही होत नाही, आणि महत्त्वाचं म्हणजे बी-२७ हे बिघडलेलं जनुक नाहीच. ते नीट काम करणारं, निरोगी जनुक आहे. मग त्याचा आजाराशी इतका घट्ट संबंध का, हा प्रश्न पन्नास वर्षांहून जास्त काळ संशोधकांना छळतो आहे.

आधी एचएलएचं काम काय ते पाहू. कळमन्याच्या बाजारात व्यापारी धान्याचं अख्खं पोतं रिकामं करून पाहत नाही. आतून मूठभर दाणे काढतो, तळहातावर पसरतो आणि त्यावरून पोत्याचा अंदाज बांधतो. आपल्या जवळपास प्रत्येक पेशीवर असे तळहात असतात. पेशीच्या आत जुनी प्रथिनं सतत तोडली जातात. त्यांचे बारीक तुकडे, साधारण आठ ते दहा अमिनो आम्लांचे, एचएलए नावाच्या प्रथिनाच्या खाचेत बसवून पेशीच्या बाहेर मांडले जातात. प्रतिकारशक्तीच्या गस्तीवरच्या टी-पेशी ते तपासतात. तुकडा घरचाच दिसला तर पुढे जातात, विषाणूचा दिसला तर ती पेशी मारून टाकतात. विषाणू पेशीच्या आत दडून बसतो. तो बाहेरून ओळखण्याचा शरीराकडचा एक मुख्य मार्ग हाच.

एचएलएची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर आहेत. अशा नमुना मांडणाऱ्यांचे ए, बी आणि सी हे तीन मुख्य प्रकार. त्यातल्या बी जनुकाच्या माणसांमध्ये हजारो आवृत्त्या सापडल्या आहेत आणि आपल्याकडे त्यातल्या दोन असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. आवृत्त्यांमधला फरक मुख्यतः त्या खाचेच्या आकारात असतो. कुठल्या खाचेत कुठला तुकडा बसेल हे त्यावरून ठरतं. बी-२७ च्या खाचेची एक ठाम आवड आहे. तुकड्यातलं दुसरं अमिनो आम्ल आर्जिनिन असेल तर तो तिथे घट्ट बसतो. खाचेच्या एका कोपऱ्यात ऋण भार आहे आणि आर्जिनिनवर धन भार, म्हणून ही जोडी जमते.

१९७३ साली लंडन आणि लॉस एंजेलिस इथल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे एकच गोष्ट दाखवली. लंडनच्या गटाने एएसचे ७५ रुग्ण तपासले, त्यातल्या ७२ जणांत बी-२७ निघाला. तुलनेसाठी घेतलेल्या ७५ निरोगी माणसांत तो फक्त तिघांत होता. सर्वसाधारण आजारांमध्ये जनुकाचा एवढा ठळक संबंध फार क्वचित दिसतो.

पण संबंध दिसला म्हणून कारण सापडलं असं होत नाही, आणि इथे खरी सावधगिरी लागते. सहाव्या गुणसूत्रावरच्या या भागातली जनुकं पिढ्यानपिढ्या गठ्ठ्याने पुढे जातात. त्यामुळे खरा गुन्हेगार शेजारी असू शकतो आणि नाव एचएलएचं येऊ शकतं. हे प्रत्यक्ष घडलं आहे. शरीरात लोह साठत जाण्याच्या हिमोक्रोमॅटोसिस या आजाराचा संबंध १९७० च्या दशकात एचएलए ए-३ शी जोडला गेला. पुढे १९९६ मध्ये कळलं की दोष जवळच्याच एचएफई नावाच्या वेगळ्या जनुकात आहे आणि ए-३ फक्त त्याच्यासोबत प्रवास करत होता. बी-२७ चंही असंच असेल का, ही शंका बरीच वर्षं होती.

ती शंका उंदरांनी मिटवली, खरं तर मोठ्या जातीच्या उंदरांनी, ज्यांना इंग्रजीत रॅट म्हणतात. १९९० मध्ये अमेरिकेत माणसाचं बी-२७ जनुक आणि त्याला लागणारं जोडीदार प्रथिन या प्राण्यांत घातलं गेलं. त्यांना आतड्याचा दाह, सांधेदुखी आणि मणक्याचे बदल असं सगळं झालं. दुसरं एचएलए, बी-७, घातलेल्या रॅटना ते झालं नाही. शेजारचं कुठलंही मानवी जनुक त्यांच्यात नव्हतं. म्हणजे जे काही होतं ते बी-२७ च करतो. कसं करतो, यावर मात्र तीन मुख्य मतं आहेत.

पहिलं मत खाचेतल्या तुकड्याचं. बी-२७ असा काही तुकडा मांडतो जो दुसऱ्या आवृत्त्या मांडत नाहीत. एखाद्या जिवाणूचा तुकडा आणि सांध्यातल्या आपल्याच प्रथिनाचा तुकडा टी-पेशीला सारखे दिसतात. जिवाणूविरुद्ध तयार झालेली टी-पेशी मग सांध्यावर उलटते.

या मताला सगळ्यात सुंदर आधार मिळतो तो बी-२७ च्याच उपप्रकारांतून. आजवर बी-२७ चे शेकडो उपप्रकार नोंदले गेले आहेत. जगभर पसरलेला २७:०५ हा मूळ मानला जातो आणि त्याचा एएसशी पक्का संबंध आहे. इटलीच्या सार्डिनिया बेटावर २७:०९ हा उपप्रकार सापडतो, आणि तो असलेल्यांना एएस जवळजवळ होतच नाही. तुरळक रुग्ण नोंदले गेले आहेत, एवढंच. या दोघांत फरक किती? अख्ख्या प्रथिनात एका अमिनो आम्लाचा. ११६ व्या जागी २७:०५ मध्ये ॲस्पार्टिक आम्ल आहे, २७:०९ मध्ये हिस्टिडिन. आणि ११६ वी जागा आहे खाचेच्या तळाशी, तुकड्याचं शेवटचं टोक जिथे रुतून बसतं तिथे. २७:०५ च्या खाचेत शेवटी धन भाराचं अमिनो आम्ल असलेले तुकडेही बसतात, २७:०९ ला ते आवडत नाहीत. दोन्ही प्रकारांची आर्जिनिनची आवड तशीच आहे. आग्नेय आशियात २७:०६ हा असाच निरुपद्रवी उपप्रकार आहे आणि त्यातही ११६ वी जागा बदललेली आहे. निसर्गाने माणसांवर केलेला हा प्रयोगच म्हणायचा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या एका जागेचं चित्र कागदावर काढून भिंतीला लावलं होतं.

दुसरा आधार ईआरएपी-१ या विकराचा. प्रथिनांचे तुकडे खाचेत बसण्याआधी पेशीच्या आत थोडे लांब असतात. हा विकर त्यांची एक बाजू कातरून योग्य लांबीचे करतो. २००७ मध्ये ईआरएपी-१ च्या जनुकातले फरक एएसशी जोडले गेले. २०११ मध्ये त्याहून महत्त्वाची गोष्ट कळली: हा परिणाम बी-२७ असलेल्यांमध्येच दिसतो, नसलेल्यांमध्ये नाही. कातरणारा आणि मांडणारा दोघे मिळून धोका ठरवत असतील, तर कोणता तुकडा मांडला जातो याला महत्त्व असणारच.

आणि मग २०२२ मध्ये या मताला मोठं बळ मिळालं. एएसच्या रुग्णांच्या सांध्यातून आणि बी-२७ शी जोडलेल्या डोळ्याच्या दाहात डोळ्यातून टी-पेशी काढल्या गेल्या. वेगवेगळ्या माणसांच्या असूनही त्यांच्यावर एकाच घडणीचे ग्राहक, म्हणजे तुकडा ओळखून धरणारे रेणू, सापडले. टीआरबीव्ही-९ या जनुकखंडापासून बनणारे हे ग्राहक बी-२७ च्या खाचेतले काही तुकडे ओळखत होते. काही तुकडे जिवाणूंचे होते आणि काही माणसाच्या स्वतःच्या प्रथिनांचे. तीसेक वर्षं ज्या दृश्याची फक्त कल्पना होती, ते इथे प्रयोगशाळेत दिसलं.

एवढं असूनही हे मत पूर्ण का मानलं जात नाही? कारण पुन्हा ते रॅट. खाचेतला तुकडा वाचणाऱ्या टी-पेशी सीडी-८ प्रकारच्या असतात. बी-२७ च्या रॅटमधून या पेशी काढून टाकल्या तरी त्यांना आजार झालाच. रॅट म्हणजे माणूस नव्हे, त्यांच्या पेशींत बी-२७ च्या अनेक प्रती भरलेल्या होत्या, हे खरं. पण निदान त्या प्राण्यांत तरी तुकडा वाचला न जाता आजार होऊ शकतो, हे नाकारता येत नाही.

दुसरं मत घडीचं. एचएलएचं प्रथिन पेशीच्या आत नीट दुमडावं लागतं, तेव्हा कुठे त्याची खाच तयार होते. बी-२७ ला नीट दुमडायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो. अर्धवट दुमडलेली प्रथिनं पेशीच्या आत साचतात. पेशीला तो ताण जाणवतो आणि ती धोक्याची रसायनं सोडायला लागते, त्यात इंटरल्यूकिन-२३ हे एक. त्यातून इंटरल्यूकिन-१७ वाढतं आणि सूज पेटते. या मतात टी-पेशीने काही ओळखण्याची गरजच नाही. बी-२७ चं ओझंच पुरतं. रॅटच्या पेशींत हा ताण मोजताही आला.

पण इथेही एक प्रयोग आडवा येतो. २००६ मध्ये बी-२७ च्या रॅटमध्ये त्याचं जोडीदार प्रथिन, बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन, आणखी जास्त घातलं गेलं. त्याने बी-२७ ची घडी सुधारली, साचलेला कचरा कमी झाला. मत बरोबर असतं तर आजार कमी व्हायला हवा होता. आतड्याचा दाह खरंच झाला नाही. पण नर रॅटमध्ये सांधे आणि मणक्याचा आजार उलट वाढला. म्हणजे घडीचा बिघाड फार तर आतड्याची गोष्ट सांगतो, मणक्याची पूर्ण नाही.

तिसरं मत या दोघांच्या मधलं आहे. बी-२७ पेशीच्या पृष्ठभागावर कधीकधी जोडीदार प्रथिनाशिवाय पोचतो आणि दोन रेणू एकमेकांना चिकटून जोडी होते. ६७ व्या जागच्या सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लामुळे ती चिकटते. अशा विचित्र जोड्या काही प्रतिकारपेशींवरच्या केआयआर नावाच्या ग्राहकांना धरतात, त्या पेशी मरायचं टाळून टिकून राहतात आणि इंटरल्यूकिन-१७ बनवतात. रुग्णांच्या पेशींत याचे पुरावे आहेत. पण सुरुवात यातूनच होते की पेटलेल्या आगीत याने भर पडते, हे दाखवणारा प्रयोग झालेला नाही.

तिन्ही मतांना जोडणारा एक धागा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तो आतड्याचा. तेच बी-२७ चे रॅट जन्मापासून पूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवले, तर त्यांना ना आतड्याचा दाह होतो ना सांध्यांचा. नेहमीचे जिवाणू आतड्यात सोडले की आजार सुरू होतो. माणसांतही खुणा तशाच आहेत. एएसच्या सुमारे निम्म्या रुग्णांच्या आतड्याचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तिथे बारीक दाह सापडतो, पोटाची काही तक्रार नसतानाही. शिवाय बी-२७ असलेल्या माणसाला साल्मोनेला किंवा शिगेलासारख्या जंतूंची हगवण झाली तर नंतर काही आठवड्यांत सांधे सुजण्याचा धोका जास्त असतो. माझं स्वतःचं मत तुकड्याच्या सिद्धांताकडे झुकतं, पण जिवाणू कुठून येतो आणि दाह आधी कुठे पेटतो या प्रश्नाचं उत्तर आतड्यात आहे असं मानूनच.

ज्या आजारात असं कोडं पूर्ण सुटलं तिथे काय दिसतं, हे कळण्यासाठी सिलियाक आजाराकडे पाहावं. तिथे दोषी एचएलए डीक्यू-२ किंवा डीक्यू-८. गव्हातल्या ग्लुटेनच्या तुकड्यात आतड्यातला एक विकर छोटासा बदल करून ऋण भार आणतो, आणि तो तुकडा डीक्यू-२ च्या खाचेत घट्ट बसतो. पोळी बंद केली की आजार शमतो, पुन्हा सुरू केली की परततो. बी-२७ च्या बाबतीत असा एकच नेमका पदार्थ किंवा एकच जंतू सापडलेला नाही. म्हणूनच ‘हे खाणं सोडा, एएस मुळापासून जाईल’ असं छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

मग इतकं त्रासदायक जनुक माणसांत टिकलं कसं? सिकलसेलच्या बाबतीत उत्तर आपल्याला माहीत आहे. एक प्रत असलेल्याला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं, म्हणून मलेरियाच्या प्रदेशात ते जनुक टिकलं. बी-२७ चा फायदा विषाणूंच्या बाबतीत दिसतो. एचआयव्हीची लागण झालेल्या, पण उपचार न घेतलेल्या लोकांत बी-२७ असणाऱ्यांचा आजार सावकाश वाढतो. कारण पुन्हा तीच खाच. एचआयव्हीच्या एका आवश्यक प्रथिनातला तुकडा बी-२७ पकडतो, आणि त्या तुकड्याच्या दुसऱ्या जागी आर्जिनिन असतं. विषाणूला सुटायचं तर ते आर्जिनिन बदलावं लागतं, पण तिथे बदल केला की त्याचं स्वतःचं कवच नीट बनत नाही. एचआयव्ही माणसात येऊन जेमतेम शतक झालं, त्यामुळे बी-२७ त्याच्यासाठी टिकलेला नाही. पण जुन्या काळच्या दुसऱ्या कुठल्या विषाणूविरुद्ध अशीच पकड उपयोगी पडली असणार, हा तर्क पटण्यासारखा आहे.

आता काउंटरवरच्या प्रश्नाकडे येऊ. धरून चला, मिहानमध्ये नोकरी करणारा सव्वीस वर्षांचा मुलगा आहे. वर्षभर कंबर दुखते. कधी डावा नितंब, कधी उजवा. पहाटे चारच्या सुमारास दुखण्याने जाग येते. सकाळी तासभर अंग आखडलेलं असतं, फुटाळ्यापर्यंत चालून आलं की मोकळं होतं. कोणीतरी ‘गादी सरकली’ म्हणून दोन आठवडे झोपून राहायला सांगितलं आणि दुखणं वाढलं. या वर्णनात सगळं सांगितलं आहे. साधी कंबरदुखी विश्रांतीने कमी होते आणि कामाने वाढते. दाहाची कंबरदुखी बरोबर उलटी वागते: चाळिशीच्या आत हळूहळू सुरू होते, तीन महिन्यांहून जास्त टिकते, रात्रीच्या उत्तरार्धात उठवते आणि हालचालीने हलकी होते.

या मुलाचा बी-२७ पॉझिटिव्ह आला तर अर्थ काय, हे आकड्यांतून बघू. भारतात बी-२७ असलेल्यांचं प्रमाण जागेनुसार बदलतं, हिशोबासाठी शंभरात सहा धरू. रस्त्यावरून जाणारी कुठलीही हजार माणसं घेतली तर साठ जण पॉझिटिव्ह निघतील. हजारात एएसचे तीन रुग्ण धरले तर त्या साठांत फार तर तिघे आजारी, म्हणजे शंभरात पाच. म्हणून काही त्रास नसताना ‘फुल बॉडी पॅकेज’मध्ये ही टेस्ट करून घेणं म्हणजे पैसे देऊन काळजी विकत घेणं.

आता कित्येक महिने कंबर दुखणारी हजार माणसं घ्या. त्यांच्यात दाहाचा आजार असणारे साधारण पन्नास. त्यातले पंचेचाळीस पॉझिटिव्ह. उरलेल्या साडेनऊशेंपैकी सत्तावन्न जण निव्वळ योगायोगाने पॉझिटिव्ह. एकूण एकशे दोन पॉझिटिव्ह, त्यात खरे रुग्ण पंचेचाळीस. अजूनही निम्म्याहून कमी.

पण आपल्या मुलासारखं पहाटे उठवणारं, चालल्याने कमी होणारं दुखणं असलेले हजार जण घेतले, तर त्यांत आजारी साधारण दीडशे असतात. त्यातले एकशे पस्तीस पॉझिटिव्ह, उरलेल्या साडेआठशेंतले एक्कावन्न. आता पॉझिटिव्हपैकी शंभरात त्र्याहत्तर खरे रुग्ण. तोच रिपोर्ट, तीच शाई. अर्थ बदलला तो रुग्णाच्या वर्णनामुळे. आणि याच गटात निगेटिव्ह आला तर आजाराची शक्यता शंभरात दोनपर्यंत खाली येते, पण शून्य होत नाही, कारण दहातल्या एका रुग्णात बी-२७ नसतोच. या मुलाने आता संधिवाततज्ज्ञाकडे जावं आणि एसआय जॉइंटचा एमआरआय करावा. साध्या एक्स-रेत बदल दिसायला अनेक वर्षं लागू शकतात, त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल’ हे ऐकून थांबू नये.

टेस्टच्या बाबतीत तीन गोष्टी मला परत परत सांगाव्या लागतात. ही टेस्ट आयुष्यात एकदाच करायची असते, जनुक बदलत नाही. उपचारांनंतर ‘बी-२७ उतरला का’ म्हणून परत रक्त देणारे लोक मी पाहते, तो खर्च वाया जातो. आजार किती पेटलेला आहे ते सीआरपी ही सूज दाखवणारी रक्ततपासणी, लक्षणं आणि एमआरआयवरून कळतं. दुसरं, फ्लो सायटोमेट्री या पद्धतीने टेस्ट केली तर रिपोर्टवर कधीकधी एक आकडाही छापलेला असतो. तो चकाकीचा आकडा आहे, जास्त म्हणजे आजार जास्त असं मुळीच नाही. तिसरं, याच पद्धतीत एचएलए बी-७ असलेल्या माणसाचा रिपोर्ट कधी चुकून कमकुवत पॉझिटिव्ह दिसतो, कारण वापरलेली प्रतिपिंडं बी-७ लाही थोडी चिकटतात. रिपोर्ट सीमारेषेवर असेल तर पीसीआर पद्धतीने खात्री करून घ्यायला लॅबला सांगा. चांगली लॅब स्वतःहून करते.

याच मुलाची एक बहीण आहे असं समजा, तिला काही दुखत नाही. तिची टेस्ट करावी का? भावाकडे बी-२७ ची एक प्रत आहे, ती आई किंवा वडिलांपैकी एकाकडून आली, म्हणून तिच्यात असण्याची शक्यता निम्मी. असलाच, तर रस्त्यावरच्या पॉझिटिव्ह माणसापेक्षा तिचा धोका जास्त, शंभरात साधारण दहा ते वीस. जास्त का, तर घरात बी-२७ सोबत ईआरएपी-१ सारखी इतर जनुकंही वाटली जातात. जुळ्यांच्या अभ्यासातून हेच दिसतं. दोघांत बी-२७ असलेल्या वेगवेगळ्या जुळ्यांत एकाला एएस असेल तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण पंचवीस टक्क्यांच्या आसपास, पण सगळी जनुकं सारखी असलेल्या एकसारख्या जुळ्यांत ते साठ टक्क्यांहून जास्त. एएसचा आनुवंशिक धोका समजावताना बी-२७ चा वाटा एक पंचमांशाच्या आसपास मानला जातो. बाकी ओझं शंभराहून जास्त जागी विखुरलेल्या छोट्या छोट्या फरकांचं.

तरी मी बहिणीला लगेच टेस्ट करायला सांगत नाही, कारण पॉझिटिव्ह आला तरी आजार टाळायचं औषध नाही आणि निगेटिव्ह आला म्हणून डोळे मिटूनही राहता येत नाही. तिने दोन खुणा लक्षात ठेवाव्यात. एक, वर सांगितलेली पहाटेची कंबरदुखी. बायकांमध्ये ती ‘बाळंतपणाची कंबर’ म्हणून वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहते. दुसरी, एक डोळा अचानक लाल होणं, दुखणं आणि उजेड सहन न होणं. तो डोळा आला असेल असं समजून घरच्या घरी थेंब टाकू नयेत, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावं आणि ‘भावाला एएस आहे’ हे वाक्य आवर्जून सांगावं.

उपचारांच्या बाजूनेही सिद्धांतांची परीक्षा सुरू आहे. रोजचा व्यायाम आणि सूज कमी करणाऱ्या गोळ्या ही सुरुवात. त्यांनी भागलं नाही तर टीएनएफ नावाचं सूज पेटवणारं रसायन किंवा इंटरल्यूकिन-१७ अडवणारी इंजेक्शनं बहुतेकांना उपयोगी पडतात. गंमत म्हणजे इंटरल्यूकिन-२३ अडवणारी औषधं सोरायसिसमध्ये उत्तम चालली, पण एएसच्या मणक्यात चाचण्यांमध्ये अपयशी ठरली. घडी बिघडून इंटरल्यूकिन-२३ वाढतं आणि तेच सगळं चालवतं, या सरळ साखळीला हा मोठा धक्का आहे. दुसरीकडे २०२३ मध्ये टीआरबीव्ही-९ ग्राहक असलेल्या टी-पेशीच तेवढ्या काढून टाकणारं औषध एका एएस रुग्णाला दिल्याचा आणि त्याला दीर्घकाळ आराम पडल्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. एका रुग्णावरून काही ठरत नाही. पण मोठ्या चाचण्यांमध्ये हाच परिणाम टिकला, तर तुकड्याच्या सिद्धांताला माणसांतून मिळालेला तो सगळ्यात थेट पुरावा असेल, कारण त्या औषधाने बाकी सगळी प्रतिकारशक्ती जागेवर ठेवून फक्त खाचेतला तो तुकडा वाचणाऱ्यांना दूर केलेलं असेल.